नववीचा गणित प्रकल्प: सूर्यफुलात ३४ ऐवजी ३३च येतायत, मदत हवी आहे

सुखदा_एम
मुलाचा नववीचा गणिताचा निरीक्षण प्रकल्प आहे, सोमवारी द्यायचाय. सूर्यफूल, पाइनचं फळ आणि शंख यांच्यातली वळणं मोजून तक्ता करायचा. पाइनचं झालं, ८ आणि १३ आले. सूर्यफुलात एका बाजूला ५५ येतात, दुसऱ्या बाजूला ३३. सर म्हणतात ३४ यायलाच हवेत, नीट मोज. पोरगा मोजून मोजून रडकुंडीला आलाय. काय चुकतंय? फिबोनाची मालिका म्हणजे काय ते सांगू नका प्लीज, प्रत्येक आकडा आधीच्या दोघांची बेरीज, ८, १३, २१, ३४, ५५, ते पाठ आहे.

अमोघ८२
३४ लिहा आणि झोपा. नववीच्या प्रकल्पाला कोण सूर्यफूल घेऊन तपासायला बसणार आहे?

रानवाट
मोजलं कुठे? कडेला, मध्ये, की केंद्राजवळ? फूल हातात आहे की नेटवरचा फोटो? केवढं आहे?

सुखदा_एम
खरं फूल आहे. लातूरहून भावाने वाळलेलं पाठवलं. मोठं आहे, ताटलीएवढं. मोजलं म्हणजे सगळीकडेच मोजलं, दिसतील तशी वळणं बोटाने पकडून.

रानवाट
गोंधळ तिथेच आहे. सूर्यफुलात वळणांचा आकडा सगळीकडे एकच नसतो. केंद्राकडून बाहेर येताना आधी १३-२१, मग २१-३४, मग ३४-५५ अशा जोड्या डोळ्यात भरतात. एक वळण कडेला पकडलं आणि दुसरं मध्यावर, तर आकडे एकमेकांशी जुळणारच नाहीत.

असं करा. मधली वाळलेली फुलं अंगठ्याने चोळून काढा, म्हणजे बिया उघड्या पडतील. बरोबर वरून फोटो घ्या, तिरका नको. मोठा छापून घ्या. कंपासने त्यावर एकच वर्तुळ काढा, कडेपासून दोन बोटं आत. आता एका वळणावर लाल पेनाने रेघ ओढा आणि फक्त त्या वर्तुळाला छेदणारी वळणं मोजत पुन्हा लाल रेघेपाशी या. लाल रेघ एकदाच धरायची. दुसऱ्या दिशेचीही त्याच वर्तुळावर, वेगळ्या रंगाने.

गच्चीवरची_बाग
सूर्यफुलाच्या कडेपासून दोन बोटं म्हणजे जरा जास्तच आत. आणि बिया भरल्या का नीट? आमच्याकडे पोपट अर्धं फूल फस्त करतात. कागदी पिशवी बांधा, प्लास्टिकची नको, बुरशी येते.

सुखदा_एम
बाग नाही हो माझी. पण तुम्ही पोपटांचं बोललात म्हणून आठवलं, फुलाची एक बाजू खरंच कुरतडलेली आहे. चालेल ना?

रानवाट
हे आधी सांगायचं होतं! मग वर्तुळ कुरतडलेल्या भागाच्या आत काढा.

विश्वसूत्र
सुखदाताई, निसर्ग चुकत नाही. प्रत्येक बी आधीच्या बीपासून १३७.५ अंशांवर येते, हा सुवर्णकोन. त्यामुळे ३४ येणारच. शंखातही तेच. मोजण्यात चूक आहे.

रानवाट
१३७.५ अंशांचं बरोबर, पण तो झाडाला कुणी कोनमापकाने आखून दिलेला नाही. नवा कोंब जिथे जागा मोकळी असते तिथे फुटतो, कोन त्यातून आपोआप येतो. १९९२ मध्ये दुआदी आणि कुदे यांनी चुंबकीय द्रवाचे थेंब एकामागून एक सोडून हेच प्रयोगात दाखवलं. त्यात झाड नव्हतंच. आणि कोंबांची जागा थोडी हलली की आकडाही हलतो. "येणारच" म्हणू नका.

पिंगळा
फिबोनाची काय लावलंय? त्याच्या पुस्तकाच्या अर्धशतक आधी, सुमारे ११५० मध्ये, हेमचंद्राने हीच मालिका मात्रावृत्तं मोजताना दिली. त्याच्याही आधी विरहांकाने. लघु एक मात्रा, गुरू दोन. चार मात्रांचे पाच प्रकार, पाच मात्रांचे आठ. प्रकल्पात हे घाला, सर खूश होतील.

अमोघ८२
पिंगळाजी, प्रश्न ३३चा आहे, वृत्तांचा नाही.

सुखदा_एम
वर्तुळ काढून मोजलं. एकाच वर्तुळावर, दोन रंगांत. ३३ आणि ५५. तेच!!

रानवाट
छान, आता पडताळा घेता येईल. त्याच वर्तुळावर तिसरा एक संच दिसतो, ५५ वाल्यांच्याच दिशेने वळणारा पण जास्त आडवा पडलेला. फोटो थोडा लांब धरून डोळे मिचकावले की दिसतो. त्याची संख्या मोठ्या दोन संख्यांच्या वजाबाकीएवढी असते, कारण प्रत्येक बी तिन्ही संचांत बसते. ३३ आणि ५५ खरे असतील तर तिसरे २२ यायला हवेत. २१ आले तर दोघांपैकी एक आकडा चुकलाय.

सुखदा_एम
२१ आले. दोनदा मोजायला लावलं. म्हणजे ३४ आहेत ना?

विश्वसूत्र
सांगितलं होतं.

रानवाट
थांबा. २१ अधिक ३४ म्हणजे ५५, पण २१ अधिक ३३ म्हणजे ५४. दोन्ही शक्य आहे. आता ५५ वालीच वळणं पुन्हा मोजा, दर दहाव्या वळणावर टाचणी लावून. ती जवळजवळ असल्याने घसरगुंडी तिथेच होते.

सुखदा_एम
५४.

५४ आले. मी स्वतः मोजले. ३३, ५४, २१. आता हा काय प्रकार?

रानवाट
मग माझ्या मते तुमचं फूल खरंच ३३-५४ आहे. हे असतं. २०१२ मध्ये मँचेस्टरच्या विज्ञान संग्रहालयाने लोकांकडून सूर्यफुलं लावून घेऊन ती मोजवली होती. २०१६ मध्ये ६५७ फुलांचे निकाल छापून आले. बहुतेकांत फिबोनाची संख्याच होत्या, पण सगळ्यांत नाही. काहींत ४७ सारख्या वेगळ्याच मालिकेतल्या निघाल्या, आणि फिबोनाची संख्येपेक्षा एकाने कमी अशीही फुलं होती, एकाने जास्त असलेल्यांपेक्षा अधिक. ३३ त्यातच बसतो.

अमोघ८२
सर हे ऐकणार?

सुखदा_एम
तोच प्रश्न आहे. सर म्हणतात उत्तरं पुस्तकाप्रमाणे हवीत.

रानवाट
फोटो, वर्तुळ, तिन्ही आकडे आणि २१ अधिक ३३ चा पडताळा चिकटवा. ऐकतील की नाही ते तुमचे सर जाणोत.

विश्वसूत्र
निदान शंखात तरी सुवर्ण वळण लिहा. ते निर्विवाद आहे.

रानवाट
तेच तर सर्वांत वादग्रस्त आहे! सुवर्ण वळण पाव फेरीला १.६१८ पट वाढतं, म्हणजे पूर्ण फेरीला सुमारे ६.८५ पट. नॉटिलसचा शंख पूर्ण फेरीला साधारण तिप्पटच होतो. वळण घातांकी आहे, म्हणजे दर फेरीला तेवढ्याच पटीने वाढतं, पण सुवर्ण नाही. सुखदाताई, शंख कोणता आहे?

सुखदा_एम
शंख म्हणजे शंख. गुहागरच्या किनाऱ्यावरचा. टोकदार, वर चढत जाणारा.

रानवाट
मग कापल्याशिवाय आतलं वळण दिसणार नाही, आणि कापायची गरजही नाही. बाजूने बघून टोकापासून खाली प्रत्येक फेरीची रुंदी पट्टीने मोजा. लागोपाठच्या दोन फेऱ्यांचं गुणोत्तर काढा. सगळी गुणोत्तरं जवळपास सारखी आली की झालं, आकडा काहीही असो. अगदी टोकाच्या फेऱ्या सोडा, त्या झिजलेल्या असतात.

पिंगळा
हेमचंद्राचं घालताय ना?

गच्चीवरची_बाग
लातूरच्या बिया जास्तीच्या असतील तर मला द्या, मी कुंडीत लावून बघेन. टपालखर्च देते.

सुखदा_एम
बिया वर्तुळासकट फुलातच आहेत, सोमवारनंतर देते. पट्टी शोधतोय.