शॉर्ट-सर्किट इव्हॅल्युएशन: मराठी शब्द हवा आहे

मेधा: प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकाचं भाषांतर करतेय. पाठ्यपुस्तकात शॉर्ट सर्किटला 'लघुपरिपथन' आहे, म्हणून मी 'लघुपरिपथन मूल्यमापन' लिहिलं. मसुदा वाचणाऱ्या विद्यार्थ्याला वाटलं, या ओळीत काहीतरी बिघाड होतो! खरं तर इथे बिघाड टळतो:

```
if (p != NULL && p->n != 0 && p->sum / p->n > 40)
```

वासंती: विद्यार्थ्याचं बरोबर आहे. शॉर्ट झालं की फ्यूज उडतो. म्हणजे प्रोग्रॅम बंद पडतो, असंच ना?

श्रीपाद: नाही वासंतीताई. इथे 'जवळची वाट' एवढाच अर्थ घ्यायचा. `p` रिकामा असेल तर पहिलीच अट खोटी ठरते, मग उत्तर खोटंच येणार, म्हणून पुढचं वाचलंच जात नाही. `n` शून्य असेल तर दुसऱ्या अटीवर थांबतं आणि भागाकार होतच नाही. म्हणून क्रम मोडता येत नाही. भागाकार आधी लिहिला, तर तपासणीची वेळ येण्याआधीच घात झालेला असतो. 'लघु'मधून यातलं काहीच कळत नाही.

निनाद: शब्द कुठलाही घ्या, `&` आणि `&&` दोन्ही शेवटी 'आणि'च. अशा तुलनांमध्ये खरं-खोटं उत्तर सारखंच येतं.

श्रीपाद: उत्तर येईपर्यंत प्रोग्रॅम टिकला तर! सी-मध्ये `&` दोन्ही बाजू काढतो. मी एकदा चुकून एकच `&` टाइप केला होता:

```
if (n != 0 & sum / n > 40)
```

चाचणीच्या प्रत्येक नोंदीत `n` शून्याहून मोठा होता, त्यामुळे सगळं सुरळीत चाललं. पहिली रिकामी यादी आली आणि प्रोग्रॅम कोसळला. मला तर एडा भाषेची जोडी आवडते: दोन्ही बाजू काढायला `and`, डावी खरी असेल तरच उजवीकडे जायला `and then`. मराठीत 'आणि' व 'आणि मगच'. त्या 'च'मध्ये सगळा अर्थ आला.

मेधा: 'आणि मगच' सुंदर आहे! पण `||` चं काय? तिथे डावी बाजू खरी असली की थांबतं.

श्रीपाद: 'नाहीतर'.

निनाद: 'नाहीतर' धमकीसारखं वाटतं. आणि या दोन्हींना मिळून नाव काय? लोक 'शॉर्ट-सर्किट'च म्हणतात, तेच ठेवा.

वासंती: तर मग माझ्या क्वेरीत असं का झालं? `WHERE n <> 0 AND total / n > 40` लिहिलं, तरी शून्याने भागल्याची चूक आली.

श्रीपाद: एसक्यूएलमध्ये डावीकडून उजवीकडे जाण्याची हमी नाही. डेटाबेस भागाकार आधी काढू शकतो. `total / NULLIF(n, 0)` लिहा. शून्याच्या जागी `NULL` येतो, भागाकारही `NULL` होतो आणि ती ओळ आपोआप गळते.

वासंती: चाललं! पण मग तिथल्या `AND`ला 'आणि मगच' म्हणता येणार नाही.

मेधा: नाहीच. तिथे नुसतं 'आणि'. पण धड्याचं शीर्षक अजून अडलंय. 'अर्ध्यावर थांबणारं मूल्यमापन' कसं वाटतं?

निनाद: 'अर्ध्यावर' म्हटलं की काम अपुरं राहिल्यासारखं वाटतं. इथे उत्तर तर पूर्ण मिळतं.