मदत हवी आहे: इलेक्ट्रिक गाडी रोजच्या रस्त्यावर चालवून बघायचीय, डीलरला मेल कसा लिहू?

वळणावळणाचा:
मंडळी मदत करा. पेट्रोल गाडी विकून इलेक्ट्रिक घ्यायचा विचार जवळजवळ पक्का झालाय, एक मॉडेल आवडलंय, टेस्ट ड्राइव्हही घेतली पण ती म्हणजे शोरूममधून निघालो, सरळ मोठा रस्ता, पुढच्या चौकात यू-टर्न आणि परत. सगळं मिळून ८ किमी. सेल्सवाला शेजारी बसून सारखा स्क्रीनचे रंग बदलून दाखवत होता. त्यातून मला काय कळणार?

माझं रोजचं जाणं-येणं ६२ किमी आहे, म्हणजे ३१ जायला ३१ यायला. घर उंचावर, ऑफिस खाली, मध्ये जवळजवळ ३०० मीटरचा चढ-उतार. घरचं पार्किंग तळघरात आणि तिथला रॅम्प असा की नवखा ड्रायव्हर वरूनच मागे फिरतो. संध्याकाळी वाटेत पाऊण तास ट्रॅफिक. मला हे सगळं त्या गाडीत बसून बघायचंय. फोनवर विचारलं तर म्हणाले मेल करा. हा मी लिहिलेला मेल, बघा आणि झोडपा:

"महोदय, मी आपल्या गाडीची टेस्ट ड्राइव्ह घेतली परंतु ती अत्यंत अपुरी होती. कंपनी सांगते ती रेंज प्रत्यक्षात मिळत नाही असे सर्वत्र ऐकले आहे. तरी मला सदर गाडी दोन दिवस वापरण्यासाठी द्यावी, जेणेकरून मला खात्री करता येईल. लवकरात लवकर कळवावे."

फुलचार्ज:
मेल ठीक आहे, फक्त त्यात टाक की गाडी १००% चार्ज करून पाहिजे. मग बसल्या बसल्या स्क्रीनवर जी रेंज दिसेल ती खरी. मी तसंच बघून घेतली.

माजी_शोरूमकर:
मी काही वर्षं शोरूममध्ये होतो म्हणून सांगतो, राग मानू नकोस भावा, हा मेल वाचून मी उत्तर दिलं नसतं. पहिल्याच ओळीत तक्रार, दुसऱ्या ओळीत तुम्ही खोटं बोलता, तिसऱ्या ओळीत दोन दिवस गाडी द्या. आणि कुठली गाडी, कुठलं व्हेरियंट, कुठला दिवस, काहीच नाही.

आतलं गणित सांगतो. डेमो गाडी एक असते आणि ती नंतर विकायची असते, त्यामुळे मॅनेजर तिचे किलोमीटर मोजत असतो. शनिवार-रविवार ती सकाळपासून रात्रीपर्यंत बुक. तुझ्यानंतरच्या गिऱ्हाइकाला ती चार्ज असलेली लागते. आणि सगळ्यात मोठी भीती ठोकली तर काय याची. मेलमध्ये या चारही गोष्टींची उत्तरं विचारायच्या आधीच दिलीस तर त्याला नाही म्हणायला कारण उरत नाही. मधला वार सांग, एकाऐवजी दोन तारखा दे, किती किमी होतील ते आकड्यात लिही, तुमचा माणूस सोबत असला तरी चालेल म्हण. दोन दिवस विसर, अर्धा दिवस माग.

आणि वेबसाइटवरच्या पत्त्यावर पाठवू नकोस, तिथे गेलं की तुझा मेल म्हणजे एक नवीन चौकशी होते आणि तुला परत "सर कधी येताय" असा फोन येतो. शोरूमला फोन करून सेल्स मॅनेजरचा पत्ता घे, ज्याने तुला ८ किमी फिरवलं त्यालाही सीसीमध्ये ठेव, विक्री त्याच्या नावावर पडणार असते तो पाठपुरावा करतो.

युनिटमोजणी:
फुलचार्ज, स्क्रीनवरचा तो आकडा आधी जे कोणी गाडी चालवून गेले त्यांच्यावरून काढलेला अंदाज असतो हो. डेमो गाडी दिवसभर एसी लावून शोरूमसमोर उभी, मग कोणीतरी जोरात पळवून बघणार, त्यामुळे तो आकडा बहुतेक वेळा कमीच दिसतो. तो बघून गाडी नाकारू पण नये आणि घेऊ पण नये.

वळणावळणाचा, तू टक्के बघ. आणि ८ किमीत का कळत नाही ते सांगते, कारण हेच मेलमध्ये एका वाक्यात टाकता येईल. समजा त्या फेरीत चार्ज ३% उतरला. स्क्रीन पूर्ण टक्केच दाखवते, म्हणजे खरा खर्च २ च्या जरा वर असेल नाहीतर ४ च्या जरा खाली. २ धरले तर पूर्ण बॅटरीत ४०० किमी, ४ धरले तर २००. एकच गाडी, एकच फेरी! तेच ६२ किमीत २२% गेले तर २८२ किमी, आणि एखादा टक्का इकडेतिकडे झाला तरी २७० ते २९५ च्या मध्येच. म्हणून लांब फेरी हवी, हौस म्हणून नाही.

दुसरं, जाणं आणि येणं दोन्ही हवं. एकच बाजू दिली तर घेऊच नकोस. माणसांसकट १८०० किलोची गाडी ३०० मीटर वर न्यायची म्हणजे नुसत्या उंचीलाच जवळपास दीड युनिट जातं. उतरताना त्यातलं बरंच परत बॅटरीत येतं पण सगळं नाही.

फुलचार्ज:
उतारावर मोटर बॅटरी चार्ज करते ना मग चढाचा खर्च वसूलच झाला की. आणि १००% ने तोटा काय?

युनिटमोजणी:
वसूल नाही, थोडा भाग जातोच, मोटर आणि बॅटरी दोन्हीकडे. आणि भरलेल्या बॅटरीत परत येणारी वीज ठेवायची कुठे? पूर्ण चार्जवर उताराला लागलं की रिजन, म्हणजे मोटरचं हे उतारावरचं चार्जिंग, जवळजवळ लागतच नाही, पाय उचलला तरी गाडी सुटल्यासारखी वाटते आणि ब्रेकवरच यावं लागतं. याचं घर वर आहे, म्हणजे उद्या गाडी घेतल्यावर रात्री १०० करून सकाळी उतरला तर रोज हाच अनुभव येणार. टेस्टला ८०-८५% ची गाडी माग.

दोनचाकीबरी:
माझ्या स्कूटरला तिसऱ्या मजल्यावरून वायर सोडावी लागते, सोसायटी सॉकेट देत नाही, गेले सहा महिने अर्ज पडून आहे. तुम्ही चार्जिंगचं आधी बघा मग मेल लिहा. कुठली गाडी घेताय पण?

वळणावळणाचा:
दोनचाकीबरी, सॉकेट आहे माझ्या जागेवर, तो प्रश्न नाही इथे. गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही नाहीतर धागा तिकडेच जाईल.

नवीन मेल. वरचं सगळं घातलंय:

"विषय: ४० युनिट बॅटरीच्या व्हेरियंटची माझ्या रोजच्या रस्त्यावर टेस्ट ड्राइव्ह, मंगळवार किंवा बुधवार

नमस्कार, मागच्या आठवड्यात तुमच्याकडे ८ किमीची टेस्ट ड्राइव्ह घेतली, गाडी आवडली. महिनाभरात घ्यायचा विचार आहे. एवढ्या छोट्या फेरीत माझ्या रस्त्यावर किती चार्ज लागेल ते कळत नाही, म्हणून एक विनंती.

शोरूम ते माझं घर ३१ किमी आणि त्याच रस्त्याने परत, एकूण ६२ किमी, वाटेत ३०० मीटरचा चढ. घरी तळघरातल्या पार्किंगमध्ये एकदा उतरवून बाहेर काढायची आहे. साधारण तीन तास लागतील, दुपारी चार ते सात जमलं तर उत्तम, कारण माझं ट्रॅफिक तेव्हा असतं. तुमचे कोणी सोबत आले तर चालेल. गाडी ८०% च्या आसपास चार्ज असावी, परत देताना ५५ च्या वर असेल असा माझा अंदाज आहे.

दोन गोष्टी कळवाल का? टेस्ट ड्राइव्हमध्ये काही नुकसान झालं तर विम्याबाहेरची किती रक्कम माझ्यावर येते, आणि मी घेणार त्याच बॅटरीचं आणि त्याच मापाच्या चाकांचं व्हेरियंट डेमोला आहे का? लायसन्सची प्रत सोबत जोडली आहे."

माजी_शोरूमकर:
आता कसं. हा मॅनेजरला तसाच पुढे पाठवता येतो. ४ ते ७ ला मात्र ते का-कू करतील, संध्याकाळीच गिऱ्हाईक येतं.

युनिटमोजणी:
लायसन्सची प्रत पहिल्याच मेलला जोडू नकोस रे. "गाडी घेताना दाखवेन" एवढं पुरे. कुठल्या कुठल्या इनबॉक्समध्ये फिरते कोण जाणे.

माजी_शोरूमकर:
ताई, प्रत जोडली की माणूस गंभीर आहे असं दिसतं, आम्ही तरी तसंच बघायचो.

युनिटमोजणी:
तुम्हाला दिसतं हो, पण प्रत त्याची आहे.

वळणावळणाचा:
प्रत काढली. पाठवला मेल. बघू.

वळणावळणाचा:
तीन दिवसांनी उत्तर आलं. बुधवार, सकाळी साडेनऊ ते एक, त्यांचा माणूस सोबत, ८० किमीच्या वर नाही. संध्याकाळ नाही म्हणाले. व्हेरियंट तेच आहे. विम्याच्या प्रश्नाला उत्तरच नाही, तेवढा भाग गाळून बाकी सगळं लिहिलंय.

युनिटमोजणी:
त्याच मेलवर परत विचार, फक्त तोच एक प्रश्न. लेखी आल्याशिवाय किल्ली हातात घेऊ नकोस. शोरूममध्ये तोंडी "काही होत नाही सर" म्हणतील. निघताना ट्रिप मीटर शून्य कर, एसी रोज लावतोस तेवढाच लाव, आणि घरी पोचल्यावर टक्के लिहून ठेव, परत शोरूमला पोचल्यावर परत.

वळणावळणाचा:
विम्याचं उत्तर आलं, आकडा लेखी मिळाला, जास्त आहे पण निदान माहीत तरी झाला. आणि आज जाऊन आलो!

निघताना ८४%, स्क्रीन म्हणत होती २३१ किमी जाईल. घरी पोचलो तेव्हा ६९. परत शोरूमला ६१. म्हणजे चढताना १५ आणि उतरताना ८, एकूण २३. नुसतं चढाचं बघितलं असतं तर पूर्ण बॅटरीत २०७ किमी म्हणून घाबरलो असतो आणि नुसतं उताराचं बघितलं असतं तर ३८७ म्हणून नाचलो असतो. दोन्ही मिळून २७० च्या आसपास.

पण खरी गंमत रॅम्पवर. उतरताना काही नाही. बाहेर पडताना, जिथे रॅम्प संपून सपाट होतं तिथे, गाडीच्या पोटाखालून खर्र असा आवाज. सोबतचा माणूस मागे बसला होता आणि माझी बायको व मुलगापण चक्कर मारायला बसले होते. शोरूमच्या माणसाला खाली उतरवून परत केलं तर आवाज नाही. आता बॅटरी खालीच असते म्हणून धाकधूक आहे. तो म्हणाला खालचं प्लास्टिकचं कव्हर घासलं असेल, वाकून बघितलं तर एक पांढरी रेघ दिसली फक्त.

फुलचार्ज:
स्क्रीन २३१ म्हणत होती ती ८४% ची ना? म्हणजे १०० ला २७५ होतात. मग स्क्रीन बरोबरच होती की 😄

युनिटमोजणी:
या वेळी जुळली, मान्य. पण आधीचा ड्रायव्हर याच्यासारखाच निघाला म्हणून.

रॅम्पचं मात्र मला नाही सांगता येणार. चार माणसांवर घासते आणि तीनवर नाही म्हणजे अगदी काठावर आहे. जुनी गाडी भरलेली असताना तिथे कधी घासली होती का?

वळणावळणाचा:
नाही कधीच. पण ती रिकामी असायची बहुतेक वेळा, आठवून बघतो. आणि संध्याकाळचं ट्रॅफिक राहिलंच, त्यासाठी परत मेल करू का आता? जास्तच होईल का?

माजी_शोरूमकर:
ट्रॅफिकसाठी नको करूस, गाडी हळू चालली की खर्च कमीच असतो, एसीला तासाला युनिटभर धर फार तर. रॅम्पसाठी कर. पाच माणसं बसवून एकदा वर काढून बघायचंय म्हण, अर्ध्या तासाचं काम आहे. आणि ती पांढरी रेघ आजच मेलवर कळवून टाक, उद्या दुसऱ्याने घासली तर तुझ्या नावावर यायला नको.