मदत हवी आहे: बाळाचा आरआर, म्हणजे मिनिटाला किती श्वास तो आकडा, दर वेळी वेगळा येतोय, चार्टवर नक्की कुठला लिहायचा?

गोदाकाठची_पोर
नमस्कार, मी नाशिकला जीएनएम सेकंड इयरला आहे, सध्या पेडियाट्रिक वॉर्डला पोस्टिंग. काल ७ महिन्यांचं बाळ ॲडमिट झालं, खोकला आणि ताप १०१. मी १५ सेकंद मोजून चारने गुणलं तर ४४ आला, थोड्या वेळाने परत मोजला तर ५२, आणि चार्टवर आधीच्या शिफ्टचा २४ लिहिलेला, वर-खाली सगळ्याच बेडला २४. ४४ लिहू की ५२? आणि या वयाला नॉर्मल किती धरायचं? उद्या सकाळची ड्युटी आहे, प्लीज कोणीतरी सांगा.

पंचवटीकर
३० सेकंद मोजून दोनने गुण, सगळे तेच करतात. मोठ्यांना १२ ते २०, मुलांना २० ते ३०, म्हणजे तुझे दोन्ही आकडे जास्तच आहेत, सरळ डॉक्टरला सांग.

सिस्टर_नाशिकरोड
पंचवटीकर, मोठ्यांचं बरोबर आहे, शांत बसलेल्या माणसाचं ३० सेकंदावर भागतं, श्वास एकसारखा चालत असेल तर. पण २० ते ३० सगळ्या मुलांना लावू नका. नुकतं जन्मलेलं बाळ शांत असताना ३० ते ६० घेतं, वर्षाच्या आतलं साधारण ३० ते ५०, मग वय वाढेल तसा आकडा उतरत जातो, शाळेत जाणारं पोर २० च्या आसपास येतं.

आता गोदाकाठची, तू वाच. ४४ आणि ५२ मध्ये फरक फक्त दोन श्वासांचा आहे बघ, एकदा ११ मोजलेस, एकदा १३. गुणिले चार केलं की दोनाचे आठ होतात, आणि तुझ्या बाळाच्या वयाला ५० हीच रेघ आहे. आजारी मुलांना तपासायच्या आयएमएनसीआयच्या चार्टमध्ये २ महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, २ महिने ते वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, वर्ष ते ५ वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त म्हणजे श्वास जलद. त्यामुळे बाळाचा पूर्ण मिनिटच मोजायचा, त्याला शॉर्टकट नाही.

आईच्या मांडीवरच राहू दे, स्टेथो लावू नकोस, गार लागलं की रडतं. अंगावर पीत असेल, रडत असेल तर थांब. झबलं वर करायचं आणि पोट बघायचं, छाती नाही, या वयात पोटच जास्त हलतं. घड्याळ पोटाजवळ धर म्हणजे एकाच नजरेत दोन्ही दिसतं. पोट वर येऊन खाली गेलं की एक. मधेच रडलं तर तो आकडा सोडून द्यायचा, अंदाजाने पुरा करायचा नाही.

आरवची_आई
माझं बाळ ६ दिवसांचं आहे, झोपेत भराभर श्वास घेतं मग चक्क थांबतं, मग परत सुरू. हे पण मोजून बघू का? सासूबाई म्हणतात सगळ्यांचं असंच असतं.

सिस्टर_नाशिकरोड
५-१० सेकंद थांबून आपोआप सुरू होतं, रंग गुलाबी आहे, दूध नीट ओढतंय, तर सासूबाईंचं बरोबर आहे, तान्ह्या बाळांचं असतं तसं. पण २० सेकंद थांबलं, ओठ निळे-काळपट दिसले, अंग ढिलं पडलं किंवा प्यायचं सोडलं तर इथे लिहीत बसू नका, थेट दवाखाना गाठा. आणि मोजून ६० किंवा जास्त आला तर शांत असताना पुन्हा एकदा पूर्ण मिनिट मोजा, परत तेवढाच आला तर त्याच दिवशी दाखवा.

गोदाकाठची_पोर
ताई आज सकाळी तसंच केलं. पहिल्यांदा रडलं म्हणून सोडून दिलं, मग आईच्या मांडीवर जागं पण शांत होतं तेव्हा ५४, परत मोजला ५३. ताप १००. सरांना सांगितलं, ते लगेच येऊन बघून गेले. पण सोबतची म्हणाली ताप आहे म्हणून वाढलाय, ताप उतरल्यावरचा लिही.

सिस्टर_नाशिकरोड
तापाने वाढतो हे खरं आहे, पण ५० ची रेघ तापासाठी वर सरकत नाही. आत्ताचा ५४ आत्ताच्या वेळेसमोर लिही, शेजारी टेंपरेचर आणि "जागं, शांत" एवढं टाक. पॅरासिटामॉलनंतर ताप उतरला की पुन्हा मोज, तो वेगळ्या वेळेला वेगळा लिही. आणि श्वास आत घेताना बरगड्यांच्या खालचा भाग आत ओढला जातोय का बघितलंस? तो जात असेल तर आकडा ४५ असला तरी लगेच सांगायचं.

गोदाकाठची_पोर
नाही जात, बघितलं. मोठ्यांच्या वॉर्डात मात्र मी "श्वास मोजते हं" म्हणाले की आजोबा मुद्दाम हळू घ्यायला लागतात 😅

सिस्टर_नाशिकरोड
सांगायचंच नाही ना! नाडी बघून झाली की मनगट तसंच धरून ठेव, नजर गुपचूप छातीवर.

पंचवटीकर
बरं, बाळ झोपलेलं असताना मोजलं तर कमी येतो ना? मग ५० ची रेघ झोपेतल्या आकड्याला पण तीच का?

सिस्टर_नाशिकरोड
झोपेत थोडा कमी येतो खरा. चार्टमध्ये फक्त "शांत" म्हटलंय, आमच्याकडे तर यावरून डॉक्टरांचंच एकमत नाही. मी झोपेत ४७-४८ आला तर तेवढ्यावर सोडत नाही, जागं झाल्यावर परत मोजते.