फोंड्यातल्या डीलरची ही जाहिरात वाचून सांगा, अ‍ॅक्टिवा 5जी घेऊ का? (बजेट 45 हजार)

अबोली_मार्दोळ
नमस्कार. मी मार्दोळला राहते, कुंडईच्या वसाहतीत पाळीचं काम करते. रात्रपाळी सुटते तेव्हा बस मिळत नाही, रोज कुणाच्या तरी मागे बसून यावं लागतं. कागद, टायर सगळं धरून 45 हजार आहेत, त्याच्या वर जमणार नाही.
फोंड्यातल्या एका डीलरने ही जाहिरात टाकली आहे. स्वतःच्या गाडीचे दोष कुणी एवढे लिहिलेले मी आधी वाचले नव्हते. त्यामुळे विश्वासही वाटतो आणि भीतीही. जशीच्या तशी देते:

"अ‍ॅक्टिवा 5जी, डिसेंबर 2018, जीए 05 पासिंग, एकच मालक. किंमत 42,000. मीटरवर 31,400 आहेत, पण मध्ये केबल तुटली होती आणि मालकाने ती बरेच महिने घातली नाही. म्हणजे गाडी त्याहून जास्त फिरली आहे, किती ते मला सांगता येत नाही. डाव्या अंगावर पडलेली आहे. पॅनल ठोकून रंगवलं आहे, उन्हात छटा वेगळी दिसेल. बेल्ट आणि रोलर मी नवे घातले. पुढचे बुश वाजतात, ते घातलेले नाहीत. मागचा टायर संपत आला आहे. मालक वास्कोला राहायचा, गाडी उघड्यावर असायची, त्यामुळे सायलेन्सर आणि स्टँडला गंज आहे. फूटबोर्डाखाली मी उघडून पाहिलेलं नाही.
आरसी मालकाच्या नावावर. कर्ज फिटलं आहे, बँकेची एनओसी आहे, पण आरसीवर बँकेचं नाव अजून आहे. विमा फक्त थर्ड पार्टी, मार्चपर्यंत. पीयूसी चालू. मालक जहाजावर असतो, 18 तारखेला परत जाणार.
ट्रायलला सकाळी नऊच्या आत या, तोवर मी इंजिन चालू करणार नाही. लायसन्स, हेल्मेट आणा. फर्मागुडीचा चढ चढून या. आपला मेकॅनिक आणलात तर उत्तम."

संदेश_मडगांव
जुनी गाडी घ्यायचीच कशाला? मी दिवाळीला नवी 125 घेतली, लाखाच्या वर गेली पण मनाला शांती आहे. हप्ता बसतो तीन हजारांच्या आसपास, कळतसुद्धा नाही. पाच वर्षं गॅरेजचं तोंड बघायला नको.

अबोली_मार्दोळ
संदेशदादा, घरी आधीच एक हप्ता चालू आहे. दुसरा नको आहे.

पायलटाचा_मुलगा
माझे वडील पणजीत 26 वर्षं मोटरसायकल पायलट होते, पिवळ्या मडगार्डवर आमचं घर चाललं. त्यांनी शिकवलेलं सांगतो.
"नऊच्या आत या, इंजिन चालू करणार नाही" हे त्या जाहिरातीतलं सगळ्यात मोलाचं वाक्य आहे. गरम इंजिन पटकन लागतं, थंड इंजिन खरं बोलतं. गेल्यागेल्या आधी सायलेन्सरच्या वाकाजवळ हात न्या. ऊब लागली तर तिथूनच परत या. थंड असेल तर एकदा सेल्फने आणि एकदा बंद करून किकने चालू करा. पहिल्या मिनिटात निळसर धूर आला आणि येतच राहिला, तर इंजिन ऑइल जाळतं आहे. थंडीत थोडी पांढरी वाफ दिसते, तिला घाबरू नका.
बुश बघायला गाडी उभी करून पुढचा ब्रेक घट्ट दाबा आणि हँडल पुढे-मागे ढकला. खाली चाकाजवळ टक-टक झालं तर बुश. आवाज वर, हँडलच्या मुळाशी हाताला लागला तर कोन सेट, ते काम मोठं. बुश एवढ्यासाठी गाडी सोडू नका.
चढावर फक्त ऐका. इंजिनचा आवाज वाढतो आणि गाडी त्या मानाने पुढे सरकत नाही, असं झालं तर क्लच घसरतो आहे. बेल्ट-रोलर नवे घातले म्हणजे क्लचही नवा असं होत नाही.

विद्या_डिचोली
अबोली, मी उलट्या बाजूने पोळलेली आहे, म्हणून लिहिते. मी माझी स्कूटर एका डीलरला विकली. त्याने कोऱ्या फॉर्मांवर सह्या घेतल्या, रोख दिली, मी निर्धास्त. पुढे दीड वर्षाने घरी पोलीस आले. माझी गाडी कुणीतरी साखळी गावाजवळ एका सायकलवाल्याला ठोकून गेला होता आणि आरसीवर नाव माझं. गाडी मधे तीन हातांतून गेली होती, कुणीच नाव बदललं नव्हतं. अजून तारखांना जाते आहे.
ह्या जाहिरातीतही आरसी मूळ मालकाच्याच नावावर आहे. मी तरी नको म्हणेन.

नाईक_कुडचडे
विद्याताईंचं दुःख समजतं, पण इथे एवढं काही नाही. फॉर्म 29 आणि 30 वर मालकाची सही असली की झालं. कर्ज फिटलंय, एनओसी आहे, म्हणजे बँकेचा प्रश्न संपला. विमा गाडीबरोबर आपोआप येतो, तिथे काहीच करायचं नसतं. मी अशा चार गाड्या घेतल्या, चारही नीट चालल्या.

शेट_काणकोण
भाड्याने द्यायला घेत असाल तर काळी पाटी, पिवळी अक्षरं आणि परवाना लागतो. पांढऱ्या पाटीवर पर्यटकाला गाडी दिली तर पकडतात. माझ्याकडे सहा आहेत, सीझनला बरं चालतं.

अबोली_मार्दोळ
भाड्याने द्यायची नाही हो, मला कामावर जायला हवी आहे.

जुना_कारकून
मी आरटीओच्या कामात बरीच वर्षं काढली. नाईकसाहेब अर्धं बरोबर सांगतात, पण उरलेल्या अर्ध्यातच माणसं अडकतात.
आधी बँक. कर्ज फिटणं वेगळं आणि आरसीवरून बँकेचं नाव उतरणं वेगळं. त्यासाठी बँकेच्या सही-शिक्क्याचा फॉर्म 35 आणि एनओसी जोडून अर्ज करावा लागतो. तो बोजा उतरल्याशिवाय गाडी तुमच्या नावावर नीट येत नाही. एनओसीवरची तारीख वाचा. बहुतेक बँका तिची मुदत तीन महिने लिहितात, ती उलटली तर मालकाला पुन्हा बँकेत जावं लागतं. आणि हा मालक 18 ला जहाजावर चढतो.
दुसरं त्याचा मोबाईल. अर्ज ऑनलाइन होतो आणि ओटीपी आरसीला जोडलेल्या नंबरवर जातो. मालक समुद्रात आणि सिम घरच्या कपाटात, अशी दोन प्रकरणं मी पाहिली आहेत. दोन्ही खरेदीदार पुढल्या सुट्टीपर्यंत थांबले.
तिसरं, विद्याताईंसारखं होऊ नये म्हणूनच नियम बदलला आहे. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. मालक गाडी त्याच्या ताब्यात देतो तेव्हा फॉर्म 29सी पोर्टलवर भरायचा. तिथून पुढे गाडी विकेपर्यंत जबाबदारी डीलरची. ट्रायलची फेरीसुद्धा त्याने नोंदवहीत लिहायची असते: कोण चालवतो, कशासाठी, कधी. जाहिरातीत बाकी सगळं आहे, हे दोन शब्द मात्र नाहीत. तेच विचारा.
विमा: थर्ड पार्टी गाडीबरोबर येतो हे खरं, पण 14 दिवसांत विमा कंपनीला कळवून आपलं नाव चढवायचं असतं. शिवाय फक्त थर्ड पार्टी असला की तुमची स्वतःची मोडतोड तुमच्याच खिशातून.
नंबर टाकून `mParivahan` वर बँकेचं नाव, विम्याची तारीख आणि थकलेली चलनं आजच बघा.
माझं मत विचाराल तर बोजा उतरेपर्यंत एक रुपया देऊ नका.

नाईक_कुडचडे
माझ्या चारही गाड्यांना असं काही लागलं नव्हतं. पण 2023 च्या आधीच्या होत्या, हे खरं.

फोंडा_डीलर
जाहिरात माझीच आहे, एका गिऱ्हाईकाने हा धागा दाखवला. कारकूनसाहेबांनी बरोबर पकडलं. अधिकारपत्र आहे, दुकानात भिंतीला लावलेलं आहे. 29सी भरलेला आहे, त्याची पोच दाखवतो. हे जाहिरातीत लिहायला हवं होतं, आज घालतो. फूटबोर्ड ताईंच्या समोर उघडेन. मी आधी उघडून ठेवला तर मी काही झाकलं की नाही हे त्यांना कसं कळणार?

विद्या_डिचोली
गोड बोलणं माझ्याही डीलरला येत होतं. अबोली, पोच हातात घेऊन वाच, नुसती लांबून बघू नकोस.

संदेश_मडगांव
एवढा त्रास करण्यापेक्षा हप्ता परवडला.

अबोली_मार्दोळ
काल सकाळी जाऊन आले, सव्वाआठला. बरोबर आमच्या गल्लीतला फिटर होता.
इंजिन गार होतं. सेल्फने दुसऱ्यांदा चालू झाली, किकने पहिल्याच लाथेत. धूर नाही. पुढे टक-टक आहे, ती खालीच. डीलरने माझं लायसन्स बघून वेळ आणि मीटरचा आकडा नोंदवला आणि मग किल्ली दिली. फर्मागुडीचा चढ फिटरला मागे बसवून चढले. आवाज आणि वेग बरोबर वाढत होते. उतारावर ब्रेक दाबला की मागचं चाक थरथरतं. ते त्यांनी लिहिलं नव्हतं, पण सांगितल्यावर लगेच स्वतः चालवून आले आणि मागचा ड्रम उघडायचं कबूल केलं.
मग फूटबोर्ड. रबर मॅट काढली, स्क्रू सोडले, त्यातले दोन गंजून बसले होते, ते तोडावे लागले. खाली लाल मातीचा थर, बोटाएवढा जाड. फिटरने तो खरवडून चासीच्या पाइपवर स्क्रूड्रायव्हर टोचला, एका ठिकाणी नाही, हातभर लांबीत सगळीकडे. गंजाचे पापुद्रे निघाले, पण टोक कुठे आत गेलं नाही आणि ठोकल्यावर आवाज सगळीकडे सारखा खणखणीत. तो म्हणाला, साफ करून रंग मारला तर पाइप टिकेल, पण दर पावसाळ्याआधी बघावं लागेल.
चासी नंबर आरसीशी जुळला. 29सी ची पोच वाचली, मालकाचं नाव आणि तारीख बरोबर. एनओसीची मुदत अजून पाच आठवडे आहे. चलन एक होतं, हेल्मेटचं, ते मालक भरणार.

जुना_कारकून
छान केलंत. आता बोजा उतरू द्या, मग व्यवहार करा.

अबोली_मार्दोळ
काका, तुमचं ऐकलं नाही. कुणाचंच ऐकलं नाही म्हणा. थांबले तर मालक जाणार आणि ही गाडी दुसरं कुणी नेणार. आज 10 हजार दिले, पावतीवर गाडीचा नंबर, चासी नंबर आणि "नाव न बदलल्यास पूर्ण परत" असं लिहून घेतलं. किंमत 39,500 ठरली, बुश आणि मागच्या ब्रेकचं काम त्यांचं, टायर माझा. मालक स्वतः दुकानात आला होता, बँकेचा बोजा उतरवायचा अर्ज माझ्यासमोर भरला, ओटीपी त्याच्याच मोबाईलवर आला. ट्रान्सफरच्या ओटीपीसाठी तो 17 पर्यंत इथेच आहे. उरलेले पैसे आरसीवर माझं नाव दिसेल त्या दिवशी. गाडी तोपर्यंत त्यांच्याकडेच.

जुना_कारकून
पाच दिवसांत बोजा उतरला नाही तर स्वतः खिडकीवर जाऊन विचारा, डीलरवर सोडू नका. 17 च्या आत ट्रान्सफर झाली नाही तर तुमचे 10 हजार त्या पावतीवरच उभे आहेत.

अबोली_मार्दोळ
हो, सोमवारी सुट्टी घेतली आहे. मागचा टायर फोंड्यात कुठे चांगला मिळेल? 90/100-10, ट्यूबलेस.

पायलटाचा_मुलगा
कुठेही घ्या, पण बाजूवर छापलेले चार आकडे बघून घ्या. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. दुकानात पडून असलेला दोन-तीन वर्षांचा जुना टायर नवा म्हणून घालतात.

शेट_काणकोण
मी सहा गाड्यांना एकदम घेतो, मला स्वस्त पडतात. काणकोणला या.