सोसायटीचा सात दिवसांचा गणपती: तुमचे अनुभव लिहा

आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीने यंदा सातव्या दिवशीचं विसर्जन आवारातच करायचं ठरवलंय. गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं असलं की पोराबाळांना घेऊन गंगेवर जायची भीती वाटते. तुमचं कुठे अडलं, कसं निभावलं ते सविस्तर लिहा.

पाथर्डी फाटा
पहिल्या वर्षी आम्ही सगळ्या मूर्ती एकाच पिंपात सोडल्या. शाडूच्या रात्रीतून विरघळल्या, प्लास्टरच्या आठवड्यानंतरही गाळात तशाच. बघवत नव्हतं. आता स्थापनेआधीच्या सूचनेत विचारतो: मूर्ती शाडूची की प्लास्टरची, आणि विसर्जन कितव्या दिवशी?

गेल्या वर्षी प्लास्टरच्या सहा मूर्ती मिळून १४ किलो भरल्या. म्हणून अमोनियम बायकार्बोनेटही १४ किलो घेतलं. महापालिकेकडून ते मोफत मिळालं, पण आधी चौकशी करून ठेवा. मूर्ती बुडेल इतक्या पाण्यात आधी पावडर विरघळवायची, मग मूर्ती सोडायची. दर दोन-तीन तासांनी काठीने ढवळायचं. त्यात कंटाळा केला की मूर्तीवर खडूसारखा थर बसतो आणि आतलं प्लास्टर कडकच राहतं. बुडबुडे थांबले आणि काठीला खडा लागेना, की झालं. आम्हाला दोन दिवस लागले. वास उग्र येतो, पिंप उघड्यावरच ठेवा.

कॉलेज रोड
एवढी धावपळ कशाला? खाण्याचा सोडा घाला, क्रिया तीच. आमची सात इंची मूर्ती विरघळली, पाणी बागेत ओतलं.

पाथर्डी फाटा
विरघळेल, पण त्या पाण्यात सोडियम उतरतं, ते झाडांना नको. अमोनियमचं पाणी खत म्हणून चालतं, तेही भरपूर पाणी मिसळून. आम्ही तसंच ओतलं होतं, जास्वंद दोन दिवसांत करपली.

सातपूर
मी वर्गणीचं सांगते. ऑनलाइन पैसे आले, पण कुणाच्या मुलाच्या खात्यावरून, कुणाच्या सुनेच्या. पावती कुणाच्या नावे फाडायची तेच कळेना. नऊ घरांना दुसऱ्यांदा मागायला गेलो, फार वाईट वाटलं. आता सूचनेतच ठळक लिहितो: पैसे पाठवताना फ्लॅट नंबर टाका. रोज आरतीनंतर जमा-खर्च फलकावर लावतो.

नाशिकरोड
पिंपं सातव्या दिवशी आणू नका. आमच्याकडे दीड दिवसाची चार घरं उत्तरपूजा करून मूर्ती हातात घेऊन खाली आली आणि पिंपच नव्हतं. पाच दिवसांचे असतात, गौरींबरोबर जाणारे असतात. पहिल्या दिवशीच पाणी भरून ठेवा.

इंदिरानगर
दीड दिवसाचं लक्षातच आलं नव्हतं, आजच सूचना बदलते. आमच्या मजल्यावरच्या आजी म्हणतात, बाप्पा गंगेतच जायला हवा. त्यांच्यासाठी रामकुंडावरून कळशीभर पाणी आणून पिंपात घालणार आहोत. तरी त्या अजून तयार नाहीत. आणि प्लास्टरच्या पिंपात तळाशी जो रंगीत गाळ उरतो, तो तुम्ही कुठे टाकता?