बारा वर्षं, पण कुठल्या दिवसापासून?

काजूवाला: रत्नागिरी जिल्ह्यात आमची 11 गुंठे जागा आहे, सातबारा आमच्या नावावर. 2006 मध्ये वडिलांनी शेजाऱ्याला तोंडी सांगितलं, गुरं बांध, गवत काप. वडील 2011 मध्ये गेले, आम्ही सगळे ठाण्यात. मे 2014 मध्ये त्याने चिऱ्याचा गडगा घातला, फाटकाला कुलूप लावलं. 2021 मध्ये आम्ही नोटीस दिली, त्याचं उत्तर आलं, दावा मात्र केला नाही. आता 2025 चा पावसाळा संपतोय आणि तो म्हणतो, बारा वर्षं केव्हाच झाली, जागा माझी. झाली का? आणि असा कायदा असावा तरी का?

बांधकरी: असूच नये. दुसऱ्याच्या जागेत घुसायचं, बारा वर्षं गप्प बसायचं, मग मालक. चोरीला मुदत लावली की ती चोरी राहत नाही, असा हा प्रकार. 2008 मध्ये हेमाजी वाघाजी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच या कायद्याला अतार्किक म्हटलं आणि सरकारने फेरविचार करावा असं सुचवलं.

निवृत्त_शिरस्तेदार: सुचवलं, आणि 2023 मध्ये विधी आयोगाने 280 व्या अहवालात सांगितलं की बदलाची गरज नाही. तेव्हा कायदा आहे तसाच आहे. काजूवाले, तुमच्या प्रश्नात चार तारखा आहेत आणि सगळं त्यांच्यावर अवलंबून आहे.

2006 सोडून द्या. परवानगीने आलेला माणूस पन्नास वर्षं राहिला तरी त्याचा ताबा तुमच्याच वतीने असतो. मुदत कायद्याच्या परिशिष्टातल्या अनुच्छेद 65 मध्ये घड्याळ ताबा सुरू झाल्यापासून चालत नाही, ताबा मालकाच्या विरोधात गेल्यापासून चालतं. तुमच्याकडे ते दिसतं कुठे? गडग्यात आणि कुलपात. मे 2014 पासून बारा म्हणजे मे 2026. अजून वेळ आहे, पण थोडाच.

सोलापुरी_ताई: अहो, एवढी घाई कशाला? तलाठ्याकडे हरकत द्या, पोलिसांत एनसी नोंदवा, मोजणी मागवा. एकदा लेखी हरकत घेतली की मुदत तुटते. आमच्या मामांनी असंच केलं होतं.

निवृत्त_शिरस्तेदार: ताई, इथेच माणसं फसतात. मुदत थांबते ती दिवाणी न्यायालयात दावा दाखल झाला की, नाहीतर ताबा खरोखर परत मिळाला की. नोटीस, एनसी, फेरफारावरची हरकत यातल्या कशानेही एक दिवस मागे सरत नाही. मोजणीची क प्रत तर त्याची वहिवाट कुठवर आहे हेच दाखवते, म्हणजे त्याच्याच फाइलीत एक कागद वाढतो. तुमच्या मामांचा निकाल बहुधा दुसऱ्या कशावर लागला असेल.

बांधकरी: म्हणजे मालकाने आरडाओरडा केला तरी चालतं, कोर्टाची फी भरली तरच त्याचा हक्क जिवंत? हेच म्हणतोय मी.

निवृत्त_शिरस्तेदार: बारा वर्षांत दावा केला नाही तर कलम 27 प्रमाणे मालकाचा हक्कच संपतो. नुसता दावा बाद होत नाही. उधारीच्या पैशांचं तसं नसतं. तिथे दावा गेला तरी देणं उरतं, आपखुशीने कोणी दिलं तर घेता येतं. जमिनीत काही उरतच नाही. कठोर आहे, मान्य. पण तुम्ही उलट बाजूने बघा. कोणीतरी तोंडी व्यवहाराने घेतलेली जागा तीस वर्षं कसली, घर बांधलं, आणि मुंबईहून नातू सातबारा घेऊन उगवला. तेव्हाचे साक्षीदार मेलेले. कोर्टाने कुणाचं ऐकायचं?

बांधकरी: कसणाऱ्याचं ऐका, मी कुठे नाही म्हणतो? पण ज्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे की जागा दुसऱ्याची, त्यालाही तुमचा कायदा तेच देतो. उलट त्यालाच सोपं जातं. भाबडा माणूस म्हणतो ‘मला वाटलं माझीच आहे’, तर त्याला कोर्ट म्हणतं, मग तुझा ताबा मालकाविरुद्ध कसा?

निवृत्त_शिरस्तेदार, यावर तुमच्याकडे उत्तर आहे का?

निवृत्त_शिरस्तेदार: पूर्ण नाही. जागा मुळातच माझी आणि जागा तुझी पण मी बळकावली, ही दोन म्हणणी एकत्र टिकत नाहीत असं न्यायालयं सांगत आली आहेत. त्यातून तुम्ही म्हणता ती विसंगती निघते खरी.

कसबा_पेठ: आमच्या वाड्यात एक भाडेकरू 1983 पासून आहे, 2009 पासून भाडंच देत नाही. म्हणजे तो मालक झाला की काय? रात्रभर झोप नाही.

निवृत्त_शिरस्तेदार: झोपा. भाडं थकवलं म्हणून भाडेकरू मालकाच्या विरोधात उभा राहिला असं होत नाही. राखणदार, नोकर, आसऱ्याला आलेला भाऊ यांचंही तसंच. गोव्यातल्या मारिया मार्गारिदा प्रकरणात बहिणीने भावाला घरात राहू दिलं होतं. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, अशा राहण्यातून हक्क तयार होत नाही. तुमचा विषय वेगळा, त्याला वेगळा धागा काढा.

वकिली_वर्ष_तिसरं: एक वेगळा मुद्दा. परवानगी वडिलांनी दिलेली, ती वैयक्तिक. 2011 मध्ये ते गेले तेव्हा ती संपली, मग नंतरचा ताबा विनापरवानगी. तसं धरलं तर बारा वर्षं 2023 मध्येच संपली. शेजाऱ्याचा वकील हेच मांडणार.

निवृत्त_शिरस्तेदार: मांडेल, आणि त्यात दम आहे. पण विनापरवानगी म्हणजे विरोधी नव्हे. 2011 नंतर तीन वर्षं त्याने काय बदललं? तीच गुरं, तेच गवत. मालकाला ललकारणारं कृत्य दिसलं पाहिजे आणि ते सिद्ध करायचं ओझं त्याच्यावर आहे. 1963 च्या या मुदत कायद्याने तेवढं केलंय. जुन्या कायद्यात ताबा गेलेल्या मालकालाच दाखवावं लागे की बारा वर्षांच्या आत ताबा माझा होता.

काजूवाले, 2021 च्या उत्तरात नेमकं काय लिहिलंय?

काजूवाला: कपाटातून काढून बघितलं. दुसऱ्या पानावर आहे: ‘सदर जागा आपल्या कै. वडिलांनी वापरासाठी दिलेली असून आमचा वापर त्याप्रमाणेच चालू आहे.’ खाली वकिलाची आणि त्याची, दोघांच्या सह्या.

निवृत्त_शिरस्तेदार: हे आधी सांगायचं हो! मूळ पाकिटासकट जपा, पोस्टाचा शिक्का दिसू दे. तो स्वतः म्हणतोय की दिलेल्या परवानगीनेच वापरतोय, म्हणजे 2021 मध्येही विरोधी मन नव्हतं. शिवाय मुदत संपण्याआधीची ही सहीनिशी कबुली, कलम 18 प्रमाणे तिथून नवी बारा वर्षं मोजा असंही म्हणता येईल. 2014 पासून धरा की 2011 पासून, 2021 दोन्हींच्या आतच येतं. हेच उत्तर 2024 मध्ये आलं असतं तर 2011 वाल्या हिशेबात त्याचा उपयोग नव्हता, कारण संपलेला हक्क कबुलीने परत उठत नाही.

वकिली_वर्ष_तिसरं: पण ‘वापरासाठी दिलेली’ याचा अर्थ तोंडी बक्षीस दिली असा फिरवला तर? तोंडी बक्षीस रद्दबातल असलं तरी त्याखालचा ताबा विरोधी धरता येतो.

निवृत्त_शिरस्तेदार: ‘त्याप्रमाणेच चालू आहे’ हे शब्द त्याला आडवे येतील. तरी कबुलीच्या भरवशावर मे ओलांडू नका. आत्ताच मालकीच्या आधारे ताब्याचा दावा टाका.

बांधकरी: आणि गडगा घातला तेव्हा हे ठाण्यात होते, त्यांना कळलंच नसेल तर? तरी मे 2014 पासूनच?

काजूवाला: आम्हाला 2017 च्या गणपतीत कळलं. काका मात्र गावातच होते, रोज त्याच वाटेने बाजारात जायचे. ते आम्हाला बोलले नाहीत.

निवृत्त_शिरस्तेदार: रस्त्यावरून दिसणारा गडगा उघडच म्हणायचा. मालकाला प्रत्यक्ष माहीत हवं की कळण्याजोगं असलं की पुरे, यावर निकालांचा सूर सारखा नाही. काका साक्षीला कुणाच्या बाजूने उभे राहतील?

काजूवाला: तेच विचारायला शनिवारी गावी चाललोय.