मदत हवी आहे: डीम्ड कन्व्हेयन्सच्या पत्रात पार्श्वभूमी किती द्यावी?

पाचपाखाडीची सचिव

नमस्कार. ठाण्यातील आमच्या गृहनिर्माण संस्थेची मी सचिव आहे. डीम्ड कन्व्हेयन्ससाठी, म्हणजे विकासकाने करून न दिलेली जमीन सरकारी आदेशाने संस्थेच्या नावे करून घेण्यासाठी, अर्ज करण्याचा ठराव विशेष सर्वसाधारण सभेपुढे ठेवायचा असून सभेच्या सूचनेसोबत मला सभासदांना एक पत्र पाठवायचे आहे. ठरावावर मत देणे आणि आपल्या सदनिकेच्या नोंदणीकृत करारनाम्याची व इंडेक्स टूची प्रत जमा करणे, एवढ्या दोनच गोष्टी मला त्यांच्याकडून हव्या आहेत.

अडचण अशी की सभासदांची माहिती एकसारखी नाही. नोंदणी कार्यालयातून निवृत्त झालेले एक काका आहेत, तसेच अलीकडे पुनर्विक्रीत घर घेतलेली तरुण जोडपीही आहेत. दोन मसुदे मी काही जणांना वाचायला दिले. थोडक्या मसुद्यावर एका नव्या सभासदाने विचारले, "माझे अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर आहे, मग जमिनीचे आणखी काय करायचे?" सविस्तर मसुदा वाचून काका म्हणाले, "आम्हाला पहिलीच्या वर्गात बसवता का?" त्यांना खटकलेला भाग असा होता:

> आपणांपैकी अनेकांना कदाचित ठाऊक नसेल की सदनिका विकत घेणे आणि जमिनीची मालकी मिळणे या भिन्न गोष्टी आहेत. सोप्या शब्दांत सांगायचे, तर…

नव्या सभासदाला सगळे कळेल आणि काकांना अपमान वाटणार नाही, अशा बेताने नेमकी किती माहिती द्यावी?

कोपरीचा वाचक

पत्र आठवीतल्या मुलाला समजेल असे लिहावे आणि शेवटी शब्दार्थांची एक पुरवणी जोडावी. ज्याला हवे तो ती वाचेल, ज्याला नको तो सोडून देईल. एफएसआय, मालमत्ता पत्रक, मोफा हे सगळे तिथे समजावून सांगता येईल.

जुना मसुदाकार

पुरवणी जोडायला हरकत नाही, परंतु ज्या माहितीवाचून सभासदाला मत देता येणार नाही, ती पुरवणीत ढकलू नये. सूचना बहुतेक जण मोबाईलवर पाहतात आणि पहिल्या परिच्छेदानंतर पुढे जात नाहीत. शिवाय त्या नव्या सभासदाला एकही शब्द अडलेला नाही. करारनामा नोंदवला की जमीनही आपोआप आपली झाली, असे तो धरून चालला आहे. अशा वाचकाला व्याख्या देऊन उपयोग होत नाही. त्याचे गृहीतक जिथे चुकते तिथेच एक वाक्य लागते.

काकांना माहितीचा राग आलेला नाही, असे मला वाटते. "आपणांस ठाऊक नसेल" हे वाक्य जमिनीविषयी काहीच सांगत नाही, ते वाचकाविषयी सांगते. "आपण जाणताच" हेही तसेच, कारण जो जाणत नाही तो तिथेच वरमतो. वाचकाबद्दलची वाक्ये काढून टाका आणि वस्तुस्थिती सरळ मांडा. मी असे लिहीन:

> आपल्या सर्वांचे करारनामे नोंदणीकृत असले, तरी मालमत्ता पत्रकावर जमीन आजही मूळ जमीनमालकाच्या नावे आहे. संस्थेची नोंदणी झाल्यापासून चार महिन्यांत विकासकाने ती संस्थेच्या नावे करून देणे आवश्यक होते. तसे न झाल्याने मोफा कायद्याच्या कलम 11 अन्वये जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करण्याचा ठराव सभेपुढे येत आहे.

पहिल्या वाक्यात "असले, तरी" पर्यंतचा भाग सर्वांना मान्य आहे आणि नवी गोष्ट त्याच्यापुढे येते. काका ते वाक्य ओझरते वाचून पुढे जातील. तरुण सभासदाला मात्र आपण कुठे चुकलो हे तिथेच कळेल, आणि त्याची चूक कोणी दाखवून दिली असेही त्याला वाटणार नाही.

कोणती माहिती ठेवायची हे ठरवताना प्रत्येक वाक्य झाकून पाहावे. ते नसेल तर सभासदाचे मत किंवा त्याने आणायचा कागद बदलेल का? मोफा 1963 चा आहे, हे झाकले तर काहीच बदलत नाही. जमीन संस्थेच्या नावे नसेल तर पुनर्विकासाच्या वेळी वाढीव एफएसआयवर जमीनमालक किंवा विकासक हक्क सांगू शकतो, हे झाकले तर मात्र "एवढा खटाटोप कशाला?" हा प्रश्न उरतोच. त्यामुळे त्याला एक वाक्य द्यावे, परिच्छेद नको.

वाशीची रहिवासी

आमच्याकडे जमीन सिडकोने भाडेपट्ट्याने दिलेली आहे, त्यामुळे मालकी आमच्याकडे नाही. तुमच्या सभासदांना उगीच मालक होण्याची आशा कशाला दाखवता? आधी सिडकोची परवानगी घ्या.

पाचपाखाडीची सचिव

ताई, आमची जमीन सिडकोची नाही, खासगी मालकाची आहे. पण तुमच्या प्रतिसादामुळे एक गोष्ट लक्षात आली. आमच्याकडे नव्याने आलेली दोन कुटुंबे नवी मुंबईतूनच आली आहेत आणि भाडेपट्ट्याचे तेच चित्र त्यांच्याही डोळ्यांपुढे असणार. "मूळ जमीनमालकाच्या" याआधी "खासगी" हा एक शब्द घातला तर पुरेल असे वाटते.

आता कागदांचा प्रश्न. पुनर्विक्रीत घर घेतलेल्यांकडून त्यांच्या स्वतःच्या करारनाम्यासोबत विकासकाशी झालेला पहिला करारनामाही हवा आहे. त्याचे कारण किती सांगावे?

जुना मसुदाकार

कारण मागणीच्याच वाक्यात गुंफावे: "आदेशानंतर मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांपुढे प्रत्येक सदनिकेवर शुल्क भरल्याचे दाखवावे लागते, म्हणून पुनर्विक्रीत घेतलेल्या सदनिकांसाठी विकासकाशी झालेल्या पहिल्या करारनाम्याचीही प्रत द्यावी." कारण न देता कागद मागितला की तो हुकूम वाटतो. कारणासाठी स्वतंत्र परिच्छेद लिहिला की ते प्रवचन होते. त्यापुढचे टप्पे, म्हणजे दुय्यम निबंधकांकडची नोंदणी आणि मालमत्ता पत्रकावरील फेरफार, आत्ता सांगू नयेत. त्या वेळी सभासदांना काही करायचे असेल, तर तेव्हा वेगळे पत्र काढावे.

मसुदा पुन्हा वाचायला द्याल तेव्हा "समजले का?" असे विचारू नका, कारण त्याला सगळे होच म्हणतात. "तुम्ही कोणते कागद आणाल?" असे विचारा. नव्या सभासदाने फक्त स्वतःच्या करारनाम्याचे नाव घेतले, तर तिथे अजून एखादे वाक्य कमी आहे असे समजावे. काका वाचताना कुठे पान उलटण्याची घाई करतात तेही पाहा, तिथे बहुधा एखादे वाक्य जास्त झालेले असते.

कोपरीचा वाचक

मत आणि कागद यांना लागणारी माहिती मुख्य पत्रात असावी, हे पटले. तरीही विकासकाशी आजवर झालेला पत्रव्यवहार पुरवणीत द्यावाच, असे माझे मत आहे. ज्यांनी इतकी वर्षे पाठपुरावा केला, त्यांचा उल्लेखही नसेल तर त्यांना वाईट वाटेल.

जुना मसुदाकार

त्याबाबत मी साशंक आहे. जुन्या सभासदांचा मान राखला जाईल हे खरे, पण नव्या सभासदाला ती जुनी भांडणे वाटतील आणि ठराव विकासकावर सूड उगवण्यासाठी आणला आहे असा त्याचा समज होईल. विकासकाला नोटीस केव्हा पाठवली, एवढा उल्लेख पुरेसा वाटतो. ती अर्जालाही जोडावी लागेल.

पाचपाखाडीची सचिव

नोटिशीचा उल्लेख घेते. पत्रव्यवहाराचे मात्र समितीत विचारूनच ठरवेन, कारण पाठपुरावा करणाऱ्यांपैकी दोघे समितीतच आहेत. सूचना सभेच्या किमान पाच पूर्ण दिवस आधी जायला हवी, म्हणून उद्या संध्याकाळी नवा मसुदा काकांना आणि त्या नव्या सभासदाला देऊन कागदांचा प्रश्न विचारते. नव्या सभासदाने पहिल्या करारनाम्याचे नाव घेतले नाही, तर तो परिच्छेद पुन्हा इथे टाकीन.